‘आम्ही नागपूरला चाललोय’ हे घरी कसं सांगायचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

गाव बदलण्याची बातमी घरी उत्साहाने सांगावी, असं मी लिहिलं होतं. त्यावर आलेली प्रतिक्रिया: “उत्साहाने सांगा म्हणे! माझ्या मुलाने बंगळुरूला जाताना पेढ्यांचा बॉक्स हातात ठेवून बातमी दिली. मी हसले, पेढा खाल्ला आणि रात्री रडले. जाणाऱ्याने निदान जड मनाने तरी जावं. तुम्ही लोकांना शब्दांना मुलामा द्यायला शिकवताय. – ठाण्याची एक आई”

ताई, जड मनाने सांगितलेली बातमी पेढ्यांपेक्षा जास्त लागते, असं माझं मत आहे. मुलगा मान खाली घालून “आई, मनाला लावून घेऊ नकोस, पण…” अशी सुरुवात करतो, तेव्हा आईच्या पोटात गोळा येतो. आजारपण, कर्ज, नोकरी, सगळं डोळ्यांपुढून जातं. मग कळतं की पोरगा फक्त गाव बदलतोय. पण तोवर ती बातमी दुःखाची म्हणून मनात बसलेली असते. वर तो रडवेला झाला की त्याची समजूत काढायचं कामही तिच्याच गळ्यात. म्हणून मी उत्साहाच्या बाजूने आहे. प्रश्न एवढाच की उत्साह कशाचा दाखवायचा.

माझा मामेभाऊ ठाण्यात घोडबंदर रोडला मानपाड्याला राहतो, मामा-मामी नौपाड्यात, त्याची आत्या डोंबिवलीला. त्याला नागपूरला मिहानमध्ये नोकरी मिळाली. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा मेसेज त्याने आधी मला दाखवला: “कळवण्यास आनंद होतो की आम्ही जूनमध्ये नागपूरला शिफ्ट होतोय! इथल्या ट्रॅफिकला आणि गर्दीला अगदी विटलो होतो. तिथे मोठं घर, मोकळी हवा. आई-बाबांची काळजी वाटते, पण फोन आहेच. येत-जात राहूच!”

आता हा मेसेज आत्याच्या जागी बसून वाचा. ज्या ट्रॅफिकला तो विटला, त्यातच तिला उरलेलं आयुष्य काढायचंय. मोठ्या घराचं कौतुक ती दोन खोल्यांत बसून वाचणार. म्हणजे त्याचा आनंद ‘सुटलो एकदाचे’ या जातीचा झाला, आणि मागे राहणाऱ्याला त्यात ‘तुमच्यापासून सुटलो’ असंच ऐकू येतं. ‘काळजी वाटते, पण’ मधल्या ‘पण’ने काळजी पुसूनच टाकली. ‘येत-जात राहू’ तर आपल्याकडे निरोपाच्या वेळी सगळेच म्हणतात, ते कुणी मनावर घेत नाही. मुलामा म्हणतात तो हाच, आणि तो तुमच्याइतकाच मलाही नकोसा आहे.

आम्ही मेसेज बाजूला ठेवला आणि आधी कुणाला काय कळायला हवं ते बघितलं. मामा-मामींना त्याने समोर बसून सांगितलं, तेही शाळेतून मुलीचा दाखला काढायच्या आणि घरमालकाला नोटीस द्यायच्या आधी. नात सात वर्षांची. तिला आधी कळलं असतं तर संध्याकाळपर्यंत सोसायटीभर झालं असतं. वाक्य साधं होतं: “मला नागपूरला हवं तसं काम मिळालंय, आम्ही जायचं ठरवलंय. कधी निघायचं ते तुमच्याशी बोलून ठरवायचंय.” इथे बरेच जण ‘विचार चाललाय’ म्हणून वेळ मारून नेतात. दोन आठवड्यांनी कळतं की ऑफर लेटरवर सही आधीच झाली होती, आणि मग राग जाण्याचा कमी आणि लपवण्याचा जास्त येतो. जे ठरलंय ते ठरलंय म्हणून सांगावं, आणि जे खरोखर मोकळं आहे तेवढंच विचारावं.

निघायची तारीख खरंच मोकळी होती. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात उन्हामुळे जूनच्या अखेरीकडे. मामा म्हणाले, मग ते मधले दिवस पोरीला आमच्याकडे ठेवा. सबंध बोलण्यात त्यांनी स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट, आणि ती लगेच मिळाली.

मामींनी मात्र नागपूरबद्दल काहीच विचारलं नाही. “चांगलंय, तुमचं तुम्ही बघा,” एवढंच. हे वाक्य ऐकलं की समजावं, माणूस गावावर अडलेलं नाही. मुलगा करत असलेल्या कामावर अडलंय. दर शनिवारी मामांच्या गोळ्या डब्यात भरायच्या, बँकेचं ऑनलाइन बघायचं, गौरी-गणपतीला मखर बांधायचं, हे सगळं तोच करायचा. त्या दिवशी त्याने हे विषय काढले नाहीत. ते मुद्दाम. बातमीच्याच दमात ‘गोळ्यांचं असं करू, बँकेचं तसं करू’ सुरू केलं की बदलीवर जाणाऱ्याने चार्ज दिल्यासारखं होतं. तीन दिवसांनी तो पुन्हा गेला आणि एकेक गोष्ट मामींना विचारून लावली. गोळ्या शेजारचा मुलगा भरणार, बँकेचं फोनवर, आणि मखराला तो स्वतः येणार.

‘स्वतः येणार’लाही तारीख दिली. यंदा गणपती १४ सप्टेंबरला, सोमवारी. शुक्रवारी ११ तारखेला निघायचं तर रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी, म्हणजे १३ जुलैला उघडतं. मामींनी तो १३ जुलै कालनिर्णयवर लिहून ठेवला. मग विचारलं, “नागपूरला पाणी कसं आहे रे?” गाडी बरोबर रुळावर आल्याची खूण हीच: माणूस नव्या गावाबद्दल बारीकसारीक विचारायला लागतो.

बहिणीला त्याच संध्याकाळी फोन, आत्या आणि काकांना दुसऱ्या दिवशी. आत्याला फोनच हवा. ‘मला ग्रुपवर कळलं’ हे आपल्या घरांत पुढच्या तीन लग्नांत ऐकवलं जातं. ग्रुपवर शेवटी गेलं ते असं: “नागपूरला मिहानमध्ये नवीन काम मिळालंय, बरीच वर्षं करायचं होतं तेच. जूनअखेर आम्ही तिघं जातोय. मे महिन्यात घर बघताना उन्हाने चांगलाच प्रसाद दिला, त्यामुळे पाहुण्यांनी हिवाळ्यात, संत्र्यांच्या दिवसांत यावं. विदर्भ एक्सप्रेस ठाण्याला थांबते, रात्रभरात नागपूर. गणपतीला आम्ही नौपाड्यात आहोत, आरतीला भेटूच.”

यात ठाण्याबद्दल एकही वाईट शब्द नाही. उत्साह कामाचा आहे, त्यामुळे तो कुणाला टोचत नाही. उन्हाची तक्रार त्याने स्वतःच करून टाकली, त्यामुळे ‘अरे, तिथे ४५ डिग्री असतं’ म्हणणाऱ्या काकांना वेगळं काही उरलं नाही. आणि आई-बाबांच्या काळजीचा जाहीर उल्लेख नाही. तो केला की चुलत मंडळी ‘आता त्यांचं कसं होणार’ म्हणून मामींनाच फोन करत बसतात.

पेढ्यांबद्दल तुमच्याशी मी अर्धी सहमत आहे. पेढे वाईट नाहीत, पण ते हातात आले की समोरच्याला आनंदच दाखवावा लागतो, दुसरं काही वाटायला जागा राहत नाही. मामेभावाने पेढे आणले ते मामींचं पाण्याचं, शाळेचं सगळं विचारून झाल्यावर. शेजारी वाटायला त्याच घेऊन गेल्या.

एका घरी मात्र यातलं काही लागू होत नाही. आई किंवा वडील अंथरुणाला खिळलेले असतील आणि उठवणं-बसवणं जाणाऱ्याच्याच हातांवर असेल, तर उत्साहाने काय किंवा जड मनाने काय, नुसती बातमी देऊच नये. आधी माणूस बघावा, तो निदान पंधरा दिवस आपल्या देखत काम करू दे, रुग्णाला त्याच्या हाताची सवय होऊ दे. मग सांगावं. भांडून निघालेल्यांचंही वेगळं. तिथे ‘नवीन संधी’ म्हटलं की भांडण ठाऊक असलेले नातेवाईक गालात हसतात, त्यामुळे तारीख आणि पत्ता एवढंच कळवलेलं बरं.