मिटनच्या अंगठ्याच्या बुडाशी पडणारं भोक

«ताई, तुम्ही लिहिलंत, "कोपऱ्यात एक टाका जास्त उचला, भोक पडणार नाही." मी दोन्ही बाजूंना उचलला, तर भोक आणखी मोठं झालं. शेवटी दोऱ्याने आवळून टाकलं, आता तिथे गाठ बोचते. मग तुमच्या पद्धतीचा उपयोग काय?»

तुमचं म्हणणं बरोबर आहे. टाका कुठून आणि कसा उचलायचा हेच मी लिहिलं नव्हतं, आणि सगळा फरक तिथेच पडतो.

माझ्या मिटनचा हिशोब सांगते. हाताला ४० टाके. त्यातल्या एका टाक्याच्या दोन्ही बाजूंना दर तिसऱ्या फेरीत एकेक टाका वाढवत अंगठ्याची कळी १५ टाक्यांची केली. ते १५ टाके जाड सुईने वेगळ्या रंगाच्या गुळगुळीत सुती दोऱ्यावर घेतले, त्या जागी पुलासारखा १ नवा टाका घातला आणि पंजा ४० टाक्यांवर पुढे नेला. पिनवर टाके ठेवू नका असं मी सांगेन. पिन ताठ असते, त्यामुळे कडेचे टाके ओढले जातात.

भोक पडतं ते कळीचा कडेचा टाका आणि पंजाचा शेजारचा टाका यांच्यामधल्या धाग्यामुळे. दोघे वेगळ्या दिशांना गेले की तो ताणून लांब होतो. बहुतेक तुम्ही तोच धागा उचलून सरळ विणलात. सरळ विणला की तो उघडाच राहतो. तो डाव्या सुईवर घेऊन पीळ देऊन विणा, म्हणजे मागच्या बाजूने सुई घालून. धागा फारच सैल असेल, तर त्याला सोडून द्या आणि खालच्या फेरीतल्या घट्ट टाक्याची एक कड उचला.

अंगठा सुरू करताना २० सेंटिमीटर लोकर मोकळी सोडा. कोपरा १, पूल १, दुसरा कोपरा १ असे तीन टाके उचला आणि कळीचे १५ विणा: एकूण १८. पुढच्या फेरीत प्रत्येक कोपऱ्याचा टाका शेजारच्या कळीच्या टाक्याबरोबर एकत्र विणा. पहिला कोपरा फेरीच्या शेवटी येऊ द्या, म्हणजे त्याची जोडी कळीच्या शेवटच्या टाक्याशी जमते. दोन्हीकडे कळीचा टाका वर दिसला पाहिजे. उरले १६.

एवढं करूनही थोडी फट राहतेच, विशेषतः सुती किंवा बांबूच्या धाग्याला, कारण तो ताणला की परत आकसत नाही. तिच्यासाठीच ते २० सेंटिमीटर. आवळायचं मात्र नाही. उलट्या बाजूने टाक्यांच्याच वाटेने कोपऱ्याभोवती धागा फिरवा आणि सैलपणा शेजारच्या दोन-तीन टाक्यांत वाटून द्या. मग गाठ लागत नाही.

तुमचा मिटन पूर्ण उसवू नका. गाठ कापा, अंगठा फक्त बुडापर्यंत उसवा, १५ टाके सुईवर घ्या आणि उजेडासमोर धरून बघा कोणता कोपरा जास्त सैल आहे. लोकर त्याच कोपऱ्यापासून जोडा.