काळा रुमाल आणि ग्रुपवरच्या टाळ्या

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. घोडबंदर रोडवर पाण्याचा टँकर, हवेत तुषार, खाली कुणीतरी लिहिलेलं, 'चला, प्रदूषणाचा बंदोबस्त झाला!' त्यावर बावीस टाळ्या. मी तेव्हा कापूरबावडीला एका डंपरच्या मागे स्कूटीवर अडकले होते. सिग्नल सुटला, डंपरने काळा भपकारा सोडला आणि डोक्यात सणक गेली.

माझं काम हवेच्या नमुन्यांचं आहे. यंत्रातून हवा ओढायची, फिल्टर पेपरवर काय साचलं त्याचं वजन करायचं. त्यामुळे घरी आल्यावरचा रोजचा प्रसंग मला जरा जास्तच टोचतो. मी नाक शिंकरते, पांढऱ्या रुमालावर दोन काळे डाग उमटतात. आई ते बघून म्हणते, "बरं झालं गं, निघाली घाण."

निघाली ती निघालीच, आई. पण जी निघाली ती अडकलेली होती.

गायमुखच्या घाटात वाळूने भरलेला डंपर जोरात आला तर वळण घेऊ शकत नाही, कठड्यावर जाऊन आदळतो. त्याच वेगातली बाईक सहज वळून निघून जाते. आपल्या नाकात आणि घशात तसंच होतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हवा वळते, पण दहा मायक्रॉनहून मोठे कण, म्हणजे रस्त्यावरची माती, सिमेंट, जड असल्याने सरळ जातात आणि ओल्या भिंतीला चिकटतात. तेच रुमालावर दिसतात. गंमत म्हणजे आमचं यंत्रही हीच युक्ती वापरतं. हवेला मुद्दाम वळायला लावायचं, मोठे कण तबकडीवर आदळतात, बारीक तेवढे पुढे फिल्टरवर जातात.

त्याहून लहान कण श्वासनलिकेत उतरतात. तिथे चिकट पातळ थर असतो आणि सूक्ष्म केस तो सतत वर ढकलत असतात. साधारण दिवसभरात बराचसा कचरा घशाशी येतो, आपण खाकरतो किंवा गिळून टाकतो. पण अडीच मायक्रॉनहून बारीक, म्हणजे पीएम २.५, यातले बरेच कण फांद्यांमागून फांद्या पार करत थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथे झाडू मारणारे केसच नाहीत! पेशी कण गिळून साफ करतात, पण त्याला आठवडे, महिने लागतात. आपण मात्र रोज सकाळी पुन्हा कापूरबावडीला हजर.

डिझेलची काजळी तर बहुतेक एक मायक्रॉनच्याही आतली. तिचे सगळ्यात बारीक कण इतके हलके की हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतात आणि खोल जाऊन भिंतीला टेकतात. त्यातले काही रक्तातही उतरू शकतात. (अगदी खरं सांगायचं तर तीन-चार दशांश मायक्रॉनचे बरेच कण आत जाऊन तसेच उच्छ्वासाबरोबर बाहेर येतात. म्हणजे सगळं सरळसोट नाही.)

आता टँकरवाल्यांनो, हिशेब करा. दहा मायक्रॉनच्या एका कणाचं जेवढं वजन, तेवढ्यात अडीच मायक्रॉनचे चौसष्ट कण बसतात, आणि दशांश मायक्रॉनचे दहा लाख. पाणी मारलं की जड धूळ बसते, पीएम १० चा, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या सगळ्या कणांचा, आकडा उतरतो, लोक खूश. काजळी थेंबाला वळसा घालून निघून जाते, बाईकसारखी. हो, धूळ बसवणं वाईट नाही, दमेकऱ्यांना त्या धुळीचाही त्रास होतोच, मान्य. पण 'बंदोबस्त'? कशाचा?

रागावून लिहितेय खरी, पण माझाही गाढवपणा सांगते. कितीतरी वर्षं मी तोंडाला ओढणी गुंडाळून फिरले. ओढणी म्हणजे डंपर अडवणारा कठडा, बाईक कडेने सुटते. लोकल पकडायला जिना धावत चढलं की तोंडाने श्वास घेते, म्हणजे नाकाचं जे काही राखण होतं तेही गेलं. घट्ट बसणारा एन-९५ मास्क बरा, कारण तो तीन दशांश मायक्रॉनच्या आसपासच्या, फिल्टरला सर्वात जड जाणाऱ्या कणांवरच तपासतात. फक्त नाकावरची पट्टी दाबून बसवायला हवी, कडेने हवा शिरली की सगळं मुसळ केरात. उन्हात गुदमरायला होतं, हेही कबूल. मी तरी रोज कुठे घालते?

आज घातला. येताना त्याच डंपरांच्या रांगेतून आले. घरी येऊन नाक शिंकरलं, रुमाल जवळजवळ पांढरा.

आई म्हणाली, "आज टँकर फिरला ना, म्हणून."