खुलासा: चालता येणे म्हणजे खुबा शाबूत असणे नव्हे

“पडल्यावर म्हातारे माणूस चालू शकत असेल तर खुब्याचे हाड मोडलेले नसते, मालिश करा.”

हा संदेश कृपया पुढे पाठवू नका. मांडीच्या हाडाच्या मानेजवळ मोडलेले तुकडे कधी कधी एकमेकांत रुतून बसतात, म्हणून माणूस लंगडत का होईना चालतो आणि पायही आखूड दिसत नाही. माझ्या 76 वर्षांच्या आईचे असेच झाले: पहिल्या एक्स-रेमध्ये काहीच दिसले नाही, परंतु पाय आत वळवताच जांघेत कळ येत असल्यामुळे डॉक्टरांनी एमआरआय करवला आणि त्यात बारीक भेग आढळली. निदान होईपर्यंत त्या पायावर भार देऊ नये, मालिश तर मुळीच नको. कारण रुतलेले तुकडे सरकले, तर स्क्रू बसवून भागणारे काम बहुधा सांधा बदलण्यापर्यंत जाते.