‘७ तारखेला पगार झाला, आणि सेवा ६ तारखेलाच बंद’ या अभिप्रायाला आमचे उत्तर

अभिप्राय (२ तारे): “मुलीच्या पाचवीच्या शिष्यवृत्तीसाठी सराव पेपर घेतो. या महिन्यात ३ तारखेला खात्यात शिल्लक नव्हती. मग सलग चार दिवस पहाटे पैसे कापायचा प्रयत्न, बँकेचे मेसेजवर मेसेज. ७ ला पगार झाला तर तुम्ही ६ लाच सेवा बंद केलेली. पैसे भरायला तयार असलेल्या माणसाला असं तोडतात का? आणि चारही वेळा पैसे गेले असते तर?”

नमस्कार.

आपला अभिप्राय वाचल्यावर मी आपल्या वर्गणीची या महिन्याची संपूर्ण नोंद स्वतः उघडून पाहिली. आपली तक्रार रास्त आहे. चूक कोठे झाली, हे आपल्याला आणि आमच्या इतर पालकांनाही नेमके कळावे म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण काळजीचा भाग तोच आहे. चारही वेळा पैसे गेले नसते. आम्ही आपल्या खात्यातून पैसे ‘काढत’ नाही. आपण यूपीआय ऑटोपेला दिलेल्या परवानगीच्या आधारे आपल्या बँकेकडे त्या महिन्याच्या २९९ रुपयांची मागणी पाठवतो, आणि बँक होकार किंवा नकार कळवते. नकार आला तर तीच मागणी पुन्हा पाठवली जाते. ती नवी मागणी नसते. एकदा होकार आला की त्या महिन्याचा व्यवहार मिटतो आणि उरलेले प्रयत्न आपोआप रद्द होतात. खरा धोका असतो तो उत्तरच न येण्यात. कधी बँकेने पैसे वळते केलेले असतात, पण तसा निरोप वाटेत अडकतो आणि आमच्याकडे व्यवहार अर्धवट दिसतो. अशा वेळी पुन्हा मागणी पाठवणे म्हणजे दुप्पट वसुलीला आमंत्रण. म्हणून आधीच्या प्रयत्नाचा स्पष्ट निकाल हाती येईपर्यंत पुढचा प्रयत्न करायचा नाही, हा नियम आम्ही पहिल्या दिवसापासून पाळत आलो आहोत. आपल्या बाबतीत चारही वेळा स्पष्ट नकार आला होता.

आता त्या चार दिवसांविषयी. आपल्या नोंदीत ३, ४, ५ आणि ६ तारखेला, रोज सकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी, एकेक प्रयत्न झालेला दिसतो आणि प्रत्येकासमोर `Z9` हा एकच संकेत आहे. खात्यात पुरेशी शिल्लक नाही, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या खात्यात किती रुपये होते हे आम्हाला दिसत नाही आणि दिसूही नये. २९८ रुपये असले काय आणि शून्य असले काय, आमच्यापर्यंत तेवढाच संकेत पोहोचतो, कारण अर्धी रक्कम वळती करण्याची सोय यात नाही.

पहाटेची वेळ आम्ही हौसेने निवडलेली नाही. १ ऑगस्ट २०२५ पासून राष्ट्रीय देयक निगमाने, म्हणजे एनपीसीआयने, ऑटोपेच्या मागण्या गर्दीच्या वेळी चालवण्यावर बंधन घातले आहे. सकाळी १० ते दुपारी १ आणि संध्याकाळी ५ ते रात्री ९.३० हा काळ त्यासाठी बंद असतो. त्याच नियमांत दुसरीही मर्यादा आहे, आणि आपल्या तक्रारीचे मूळ तिच्यात आहे: एका मागणीसाठी मूळ एक आणि नंतर तीन, असे एकूण चारच प्रयत्न करता येतात. पाचवा नाही. त्यामुळे हे चार प्रयत्न कोणत्या दिवशी वापरायचे, हा निर्णय आमच्यासारख्या छोट्या संस्थेच्या हातातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय ठरतो, आणि तोच आम्ही विचार न करता घेतला होता.

देयक सेवा देणाऱ्या कंपनीच्या प्रणालीत सुरुवातीपासून ‘रोज एक, लागोपाठ चार दिवस’ अशी मांडणी होती. आम्ही ती तशीच राहू दिली. बँकेचा सर्व्हर बंद असेल तर ही मांडणी उपयोगी पडते, कारण तो बिघाड काही तासांत किंवा एका दिवसात दुरुस्त होतो. शिल्लक नसेल तर मात्र ती निरुपयोगी आहे. ज्या माणसाच्या खात्यात ३ तारखेला पैसे नाहीत, त्याच्या खात्यात ४ तारखेला ते कोठून येणार? पैसे येतात ते पगाराला. पेमेंट ऑफ वेजेस ॲक्ट या १९३६ च्या कायद्याने ही तारीख बऱ्याच ठिकाणी ठरवून दिली होती: एक हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी ७ तारखेच्या आत पगार, त्याहून मोठ्या ठिकाणी १० तारखेच्या आत. ७ तारखेच्या पगाराची रीत त्यातूनच रुजलेली आहे. म्हणजे आम्ही चारही प्रयत्न नेमके अशा दिवसांत संपवले, ज्या दिवसांत नकाराखेरीज दुसरे उत्तर येणे जवळजवळ अशक्य होते, आणि पैसे जमा झाले त्या दिवशी मागणी पाठवण्याचा अधिकारच आमच्याकडे उरला नव्हता. आपल्याला मात्र प्रत्येक नकाराचा मेसेज सोसावा लागला. याबद्दल मी मनापासून क्षमा मागते.

यापेक्षा मोठी चूक त्यानंतरची आहे. चौथा प्रयत्न फसला की आमच्या प्रणालीत वर्गणीची स्थिती `pending` वरून `halted` होते. या स्थितीत परवानगी जिवंत असते, फक्त त्या महिन्याची वसुली थांबलेली असते. पालकांनी हाताने पैसे भरले की पुढच्या महिन्यापासून सर्व काही पूर्ववत सुरू राहते. आम्ही मात्र हिशेब सुटसुटीत राहावा म्हणून `halted` झालेली वर्गणी त्याच दिवशी `cancelled` करत होतो. रद्द झालेली वर्गणी परत उठवता येत नाही आणि तिच्यासोबत ऑटोपेची परवानगीही संपते. म्हणूनच ७ तारखेला ॲप उघडल्यावर आपल्याला ‘पैसे भरा’ हे बटण न दिसता ‘नवीन नोंदणी करा’ असे दिसले. थकबाकी आणि सोडून जाणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आम्ही त्या एकाच खात्यात मांडल्या. आमच्याकडे शुल्क थकलेले पालक बहुतेक असेच असतात: पगार चार दिवस पुढे गेलेला असतो, किंवा वर्गणी एका खात्याला जोडलेली आणि पैसे दुसऱ्या खात्यात असतात.

ही व्यवस्था आता बदलली आहे. पुढील महिन्यापासून `Z9` आल्यास प्रयत्न ३, ५, ८ आणि ११ तारखेला होतील. ८ आणि ११ या तारखा मुद्दाम धरल्या आहेत, म्हणजे ७ चा पगारही गाठला जाईल आणि १० चाही. प्रत्येक प्रयत्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडून एक मेसेज येईल आणि त्यात भरणा करण्याची लिंक असेल. आपण लिंकवरून पैसे भरलेत तर उरलेले प्रयत्न होणार नाहीत. या काळात पेपर सुरूच राहतील. चौथा प्रयत्नही फसला तर १२ तारखेपासून नवे पेपर थांबतील, पण वर्गणी महिनाअखेरपर्यंत `halted` राहील, `cancelled` होणार नाही. त्यानंतर मात्र ती रद्द करावीच लागेल, कारण न वापरलेल्या सेवेची थकबाकी पालकांच्या डोक्यावर वाढवत नेणे आम्हाला मान्य नाही. रद्द करण्यापूर्वी तीन दिवस आधी मी किंवा माझी सहकारी फोन करून विचारू.

शिल्लक नसणे सोडून इतर कारणांनी नकार आला, तर हे वेळापत्रक लागू नाही. पालकांनी स्वतः आपल्या यूपीआय ॲपमधून ऑटोपे बंद केले असेल, किंवा खातेच बंद झाले असेल, तर आम्ही दुसरा प्रयत्न करत नाही आणि यापुढेही करणार नाही. ज्याने नाही म्हटले आहे, त्याच्या बँकेला पुन्हा पुन्हा विचारणे हा त्रास आहे. बँकेची यंत्रणा बंद असल्याचे उत्तर आले तर त्याच दिवशी दुपारी १ ते ५ च्या दरम्यान एक प्रयत्न होतो, कारण तेथे थांबून काही साधत नाही.

एक मर्यादा मात्र आम्हाला ओलांडता येत नाही. चार प्रयत्न संपल्यावर १२ किंवा १५ तारखेला आपल्या खात्यात पैसे आले, तरी त्या महिन्यासाठी आम्ही बँकेकडे पुन्हा जाऊ शकत नाही. तेव्हा लिंक हाच मार्ग उरतो. म्हणून वसुलीची तारीख पालकांनाच निवडता यावी, हे अधिक बरे. वर्गणी सुरू करताना आता ३, ८ किंवा १२ यांपैकी एक तारीख निवडता येईल. आपल्यासाठी ८ तारीख सोयीची होईल असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट. कर्जाच्या हप्त्याची मागणी परत गेली की बँका शुल्क लावतात, हे अनेकांनी अनुभवले आहे. आपल्या बँकेने या चार नकारांपैकी कशासाठीही शुल्क लावले असेल, तर खाते क्रमांक झाकून पासबुकातील तेवढी ओळ आम्हाला पाठवावी. ती रक्कम जीएसटीसह आम्ही परत करू, कारण त्यांतले तीन प्रयत्न आमच्या चुकीच्या वेळापत्रकामुळे झाले.

आपल्या मुलीने सोडवलेले ३१ पेपर, त्यांतील चुकांच्या नोंदी आणि गणिताच्या घटकांचे तिचे गुण जसेच्या तसे आहेत. वर्गणी रद्द झाली तरी मुलांचे काम आम्ही पुसत नाही. तिचे खाते काल संध्याकाळी पुन्हा उघडले असून या महिन्याचे शुल्क घेणार नाही. रद्द झालेली परवानगी परत जोडता येत नसल्यामुळे पुढच्या महिन्यासाठी आपल्याला यूपीआय पिन टाकून ती एकदा नव्याने द्यावी लागेल. तशी विनंती आपल्या ॲपवर पाठवली आहे आणि तिच्यात ८ तारीख घातलेली आहे. तारीख वेगळी हवी असल्यास ती विनंती नाकारावी आणि आम्हाला कळवावे, आम्ही दुसरी पाठवू.

आपली,
संचालिका