ज्वाळेखालचं वर्तुळ

परवा रात्री भाचीने व्हॉट्सअ‍ॅपवर एका बाटलीचा फोटो पाठवला. ती बारावीला आहे, जुळे सोलापुरात राहते. बाटली पोटॅशियम परमँगनेटची, शाळेच्या लॅबमधली. "मामा, उद्या तोंडी आहे. लेबलवरचे धोके सांगायचेत. पेट घेणारं, त्वचा जाळणारं, सावधान, माशांना विषारी. बरोबर ना?"

पहिलंच चुकलं होतं, आणि तिसरा तर धोकाच नव्हे. पण दोष निम्मा फोटोचा होता. बाटली गोल, लेबल चकचकीत, त्यात फ्लॅश मारलेला. लाल कडेच्या चौकटीतली ज्वाळा दिसत होती, पण तिच्या पायाशी काय आहे ते उजेडाने पुसून गेलं होतं. ज्वाळेखाली नुसती आडवी रेघ असेल तर पदार्थ पेट घेतो. ज्वाळा एका वर्तुळावर बसलेली असेल तर तो ऑक्सिडायझर. म्हणजे स्वतः पेटणार नाही, पण दुसऱ्याला पेटवेल आणि लागलेली आग वाढवेल. परमँगनेटवर वर्तुळवाली खूण असते.

एवढ्याशा वर्तुळाने काय फरक पडतो? कपाटाची फळी बदलते. "पेट घेणारं" असं वाचलेला माणूस बाटली बर्नरपासून लांब ठेवतो आणि निश्चिंत होतो. ऑक्सिडायझरला मात्र कागद, भुसा, गंधक, साखर, ग्लिसरीन यांच्यापासून लांब ठेवावं लागतं. मी तेवीस वर्षं लॅब असिस्टंट होतो, आणि मला सगळ्यात जास्त धास्ती ग्लिसरीनची. जीवशास्त्राच्या स्लाइड्सना ते लागतं, आणि लहान शाळेत दोन्ही विषयांचं कपाट एकच. परमँगनेटच्या दाण्यांवर ग्लिसरीन सांडलं तर आधी काहीच होत नाही. मग धूर येतो आणि काडी न लावता जाळ होतो. दाणे बारीक आणि हवा गरम असेल तर हे लवकर घडतं. आपल्याकडचा मे महिना काही थंड नसतो!

आता तिसऱ्या खुणेकडे, उद्गारचिन्हाकडे. पोरं त्याला "सावधान" म्हणून मोकळी होतात. पण त्याच लेबलवर हात आणि धातू खाणाऱ्या आम्लाचं चित्रही होतं. नियम असा, की त्वचा जाळणारा पदार्थ म्हणून ते चित्र आलं की नुसत्या खाज-जळजळीसाठी उद्गारचिन्ह पुन्हा लावायचं नाही. मग इथे ते कशाला? याचं उत्तर चित्रात नाही, खालच्या बारीक ओळींत आहे. मी तिला म्हटलं, फ्लॅश बंद कर, बाटली थोडी फिरव, आणि चित्रांचा एक, अक्षरांचा एक असे दोन फोटो काढून आण. दुसऱ्या दिवशी दुपारी आले. H272, आग वाढवतो. H302, गिळल्यास अपायकारक. H314, त्वचा आणि डोळ्यांना गंभीर इजा. H410, पाण्यातल्या जिवांना अतिविषारी, परिणाम दीर्घकाळ टिकणारा. उद्गारचिन्ह H302 चं होतं, म्हणजे पोटाचं.

आणि सिग्नल वर्ड? "डेंजर", एकदाच. तिला वाटलं चारही गोष्टी डेंजर. तसं नाही. गिळण्याचा हा धोका एकटा असता तर "वॉर्निंग" आलं असतं, माशांचाही तसाच. पण लेबलवर शब्द एकच छापतात, त्यातला जड. इथे तो आग वाढवण्याने आणि त्वचा जाळण्याने आणला. सिग्नल वर्ड सगळ्या बाटलीचा असतो, एकेका चित्राचा नाही.

आणखी एक. हे लेबल दाण्यांचं आहे. टायट्रेशनला आपण ०.०२ मोलर द्रावण करतो, २५० मिलीला साधारण ०.७९ ग्रॅम दाणे. ते द्रावण कोरड्या दाण्यांसारखं आग वाढवत नाही, त्वचाही तशी जाळत नाही. म्हणून मोठ्या बाटलीचं लेबल जसंच्या तसं ब्युरेटला लावून पोरांना घाबरवू नये. दुसऱ्या कंपनीच्या परमँगनेटवर खुणा थोड्या वेगळ्याही दिसतील. हातात जी बाटली आहे तीच वाचायची. नारिंगी चौकोनात काळा फुलीचा ठसा असलेली जुनी बाटली सापडली, तर ती या लाल चौकटींच्या आधीच्या पद्धतीची. सिग्नल वर्ड तिच्यावर शोधूच नका.

माझी तक्रार तोंडी परीक्षेवर आहे. "नऊ चित्रं सांगा" असं विचारतात आणि पोरगी धडाधड सांगते. "हे उद्गारचिन्ह कशामुळे आलं?" असं कुणी विचारत नाही. चित्रं पाठ असलेली पोरगी पोपटासारखी बोलते, पण बाटली कुठल्या फळीवर ठेवायची ते तिला सांगता येत नाही.

संध्याकाळी तिचा मेसेज आला. "मामा, तोंडी झाली. नऊ चित्रंच विचारली. पण ग्लिसरीन कुठंय ते बघून आले. परमँगनेटच्या शेजारीच आहे, झाकण चिकट."

"मॅडमना सांगितलंस?"

"उद्या सांगते."

मी म्हटलं, उद्या नको, आत्ता फोन लाव.