खिडकी

पित्ताशयातले खडे निघाले, मी घरी आलो, आणि महिन्याभराने विमा कंपनीचं सेटलमेंट लेटर आलं. बिल 1,58,000 रुपयांचं, मंजूर 95,000. फरकाचं कारण म्हणून एकच वाक्य: ‘पॉलिसीच्या अटींनुसार वजावट.’ सोबतचा तक्ता मुंगीच्या अक्षरात. मग बिल आणि तक्ता शेजारी ठेवून, हातात पट्टी धरून मी ओळ न् ओळ लावायला बसलो.

पहिले 6,000 गेले हातमोजे, कापूस आणि नोंदणी शुल्कात. म्हणजे सर्जनने नुसत्या हातांनी कापलं असतं तर कंपनीची हरकत नव्हती. चालायचंच.

खोलीभाड्याचे 12,000 गेले, ते मात्र माझ्या कर्माने. पॉलिसीत रोजची मर्यादा 5,000. मी घेतली 8,000 ची खोली, चार दिवस. भरती होतानाच हिने विचारलं होतं, ‘‘अहो, खोलीची मर्यादा बघितलीत का?’’ मी बाणेदारपणे म्हणालो होतो, ‘‘मला खिडकी लागते.’’

पण सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर आणि नर्सिंग मिळून झालेल्या 80,000 चे 50,000 कसे झाले? थिएटरला तर खिडकीही नव्हती! पॉलिसी चाळल्यावर उलगडा झाला. या रुग्णालयात खोलीचा वर्ग चढला की डॉक्टरांचे दरही चढतात. म्हणून मर्यादेबाहेरची खोली घेतली की कंपनी हे सगळे खर्च त्याच प्रमाणात कापते. आठातले पाच माझे, तर 80,000 तले 50,000 माझे. सगळ्या खोल्यांना डॉक्टरांचे दर सारखेच असते, तर ही कात्री चालली नसती. मी जोराने उसासा सोडला. टाके दुखले.

तोवर हिने पट्टी माझ्याकडून काढून घेतली होती. ‘‘आणि हे काय? औषधं आणि तपासण्या 40,000, दिलेत 25,000. गोळी खिडकीपाशी गिळली म्हणून महाग होते का?’’

होत नाही. खोलीशी निगडित खर्चाच्या व्याख्येतून औषधं, शरीरात बसवलेली उपकरणं आणि तपासण्या वगळल्या आहेत, असं पॉलिसीतच छापलं होतं. ज्याने तक्ता केला त्याने कात्री हातात होती म्हणून सगळंच कापलं होतं. तक्रार विभागाला ईमेल केला: पॉलिसीचं पान, व्याख्येचा मजकूर, बिलातल्या त्या ओळी, आणि मागणी नेमकी 15,000 ची. ‘अन्याय’ हा शब्द मी तीनदा लिहिला होता. हिने तिन्ही वेळा खोडला.

तीन आठवड्यांनी 15,000 जमा झाले. उरलेल्या 48,000 पैकी 42,000 एकट्या खिडकीचे.

‘‘एवढ्यात दिसत काय होतं हो तिथून?’’ मेव्हण्याने विचारलं.

मी गप्प. डोळ्यांवर उजेड येतो म्हणून चारही दिवस पडदा ओढून ठेवायला मीच सांगितलं होतं.