स्टेटरचे पत्रे वेल्डिंगने एकजीव करण्याचा घातक सल्ला

«मोटारीचा स्टेटर पत्र्यांचा बनवतात तो केवळ कंपनीचा खर्च वाचावा म्हणून. अखंड लोखंड जास्त मजबूत आणि थंड राहते. पत्र्यांवरचे व्हार्निश फक्त गंज लागू नये म्हणून असते. जळालेली मोटार सरळ आगीत टाकून तार काढा, मग पत्रे वेल्डिंगने एकजीव करा, मोटार पुन्हा तापणार नाही. वीजघरातल्या जनरेटरचा रोटरसुद्धा अखंड लोखंडाचाच असतो.»

हा मजकूर मला माझ्या भाच्याने पाठवला. त्याचे तालुक्याच्या गावी मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. खाली त्याने लिहिले होते, «मामा, एका मोटारीला करून बघितलंय, पण ती जास्तच तापतेय.» पाच अश्वशक्तीची शेतीपंपाची मोटार होती. बेअरिंग खराब होऊन आत फिरणारा रोटर बाहेरच्या स्थिर स्टेटरला घासला, तांब्याच्या तारेचे वायंडिंग जळाले, आणि या सल्ल्याप्रमाणे त्याने ती आगीत टाकली, आतला घासलेला भाग ग्राइंडरने साफ केला आणि बाहेरून पत्र्यांवर चार उभे वेल्ड मारले. त्या शेतकऱ्याची मोटार त्यानंतर दोनदा जळाली. म्हणून सुरुवात वेल्डिंगपासूनच करतो.

स्टेटरमधले चुंबकीय क्षेत्र सेकंदाला 50 आवर्तने घेते, आणि बदलत्या क्षेत्रामुळे खाचांतल्या तांब्याच्या तारेत जसा विद्युतदाब निर्माण होतो, तसाच तो लोखंडातही निर्माण होतो, कारण लोखंडही वाहकच आहे. हा दाब शाफ्टच्या लांबीच्या दिशेने असतो. लोखंड अखंड असेल तर त्यातून प्रवाह एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने परत येतो आणि वाटेत फक्त उष्णता निर्माण करतो. यालाच भोवरा प्रवाह म्हणतात. स्टेटरचे पत्रे शाफ्टला काटकोनात रचलेले असतात ते एवढ्याचसाठी. चुंबकीय क्षेत्राला पत्र्याच्या पातळीत मोकळी वाट राहते, पण भोवरा प्रवाहाच्या वाटेत दर अर्ध्या मिलिमीटरला एक आडकाठी येते.

पत्रा निम्मा पातळ केला तर नेमके काय होते ते पाहण्यासारखे आहे. प्रवाहाच्या फेऱ्यात सापडणारे क्षेत्र निम्मे होते, म्हणून दाब निम्मा होतो. प्रवाहाची वाट निम्मी अरुंद होते, म्हणून रोध दुप्पट होतो. त्यामुळे एका पत्र्यात उष्णतेच्या रूपाने होणारा ऊर्जेचा व्यय आठव्या हिश्श्यावर येतो, आणि पत्रे दुप्पट असल्याने एकूण व्यय चौथ्या हिश्श्यावर येतो. याच हिशोबाने, 1.5 टेस्ला तीव्रतेच्या क्षेत्रात 0.5 मिलिमीटरच्या सिलिकॉन पोलादाच्या पत्र्यात भोवरा प्रवाहाचा व्यय किलोमागे सुमारे 0.7 वॅट येतो, तर दहा पत्रे एकमेकांना पूर्ण चिकटून एकच जाड पत्रा झाला तर तो शंभरपट, म्हणजे किलोमागे 70 वॅटच्या आसपास जातो. पूर्ण अखंड ठोकळ्याला हे सूत्र लागू पडत नाही, कारण तिथे भोवरा प्रवाहच क्षेत्राला आत शिरू देत नाहीत. साध्या लोखंडात ते पृष्ठभागाच्या जेमतेम मिलिमीटरभर थरात अडकते, आतले लोखंड वाया जाते आणि मोटार भार नसतानाही भरमसाट प्रवाह ओढते. असा स्टेटर थंड राहणे शक्यच नाही.

आता भाच्याच्या स्टेटरचा हिशोब. त्याच्या पत्र्यांच्या गाभ्याची लांबी 120 मिलिमीटर आणि खाचांच्या मागच्या कड्याची जाडी 20 मिलिमीटर आहे. एवढ्या लोखंडात 1.3 टेस्ला क्षेत्र असताना त्याला वेढणाऱ्या एका फेऱ्यात सुमारे 0.67 व्होल्ट दाब येतो. हा दाब 240 पत्र्यांत वाटला गेला की एका पत्र्याच्या वाट्याला 3 मिलिव्होल्टही येत नाहीत, आणि म्हणूनच काही मायक्रॉन जाडीचे व्हार्निश पुरते. ते गंजापासून थोडे संरक्षण देते हे मान्य, पण ते त्याचे दुय्यम काम आहे.

तो फेरा मात्र पूर्ण झाला की हेच 0.67 व्होल्ट घातक ठरतात. बाहेरून मारलेला वेल्ड सगळे पत्रे मागच्या बाजूने जोडतो. आतल्या बाजूने खाचांमधल्या दातांची टोके ग्राइंडरने किंवा रोटरच्या घर्षणाने एकमेकांवर पसरली की तिथेही पत्रे जोडले जातात. अशा दोन्ही टोकांनी कड्याभोवती बंद फेरा तयार होतो. 5 मिलिमीटर रुंद आणि 3 मिलिमीटर जाड अशा दोन पोलादी पट्ट्या धरल्या तर रोध 2.4 मिलिओहम येतो, म्हणजे कागदावर प्रवाह 250 अँपिअरच्या वर आणि उष्णता 180 वॅटच्या आसपास. प्रत्यक्षात प्रवाह कमी असेल, पण अशा मोटारीचा पूर्ण भारावरचा सगळा व्यय सहा-सातशे वॅटच असतो, आणि ही उष्णता एका अरुंद पट्ट्यात, थेट नव्या वायंडिंगशेजारी निर्माण होते. काही कारखाने स्वतःच पत्र्यांच्या पाठीवर वेल्ड मारतात, हे खरे. पण त्यांच्या गाभ्याची आतली बाजू सुटी राहते, त्यामुळे फेरा पूर्ण होत नाही. घासलेल्या स्टेटरला वेल्ड मारणे म्हणजे तो पूर्ण करणे होय.

आगीचा सल्ला याच कारणाने चुकीचा आहे. इलेक्ट्रिकल अॅपरॅटस सर्व्हिस असोसिएशन आणि ब्रिटनच्या एईएमटी या संघटनेने रिवाइंडिंगचा मोटारीच्या कार्यक्षमतेवर काय परिणाम होतो याचा अभ्यास करून 2003 मध्ये तो प्रसिद्ध केला. योग्य पद्धतीने काम केल्यास कार्यक्षमता टिकते, हा त्याचा निष्कर्ष आहे. जुने वायंडिंग नियंत्रित भट्टीत काढणे आणि पत्र्यांवर व्हार्निशसारखा सेंद्रिय लेप असलेल्या गाभ्याचे तापमान 370 अंश सेल्सिअसच्या वर न जाऊ देणे हा त्या पद्धतीचा भाग आहे. लाकडाच्या उघड्या आगीत लोखंड कुठे किती तापले हे कळत नाही, आणि लेप जळाला की पत्रे एकमेकांना आतूनच जोडले जातात.

खर्चाच्या मुद्द्यावर फार लिहिण्याची गरज नाही. सिलिकॉन पोलादाचा पत्रा आणि तो कापायच्या डाया ओतीव लोखंडाच्या ठोकळ्यापेक्षा स्वस्त नसतात. हिस्टेरेसिसचा व्यय मात्र पत्रे पातळ करून कमी होत नाही, हे मान्य करायला हवे. लोखंडाचे चुंबकत्व प्रत्येक आवर्तनात उलटवताना ती ऊर्जा खर्च होते आणि तिच्यावर उपाय धातूच्या गुणांत आहे, म्हणजे सिलिकॉनचे प्रमाण आणि पत्र्याचे योग्य तापशीतन यांत.

जनरेटरच्या रोटरचे विधान औष्णिक वीजघरापुरते खरे आहे, तरी ते इथे गैरलागू आहे. औष्णिक वीजघरातल्या टर्बो जनरेटरचा रोटर घडीव पोलादाचा अखंड असतो, कारण त्याला एकदिश प्रवाह दिलेला असतो आणि त्याचे क्षेत्र त्याच्याबरोबरच फिरते. रोटरच्या लोखंडापुरते ते जवळजवळ स्थिर असते. त्याच यंत्राचा स्टेटर पत्र्यांचाच असतो.

स्टेटर बिघडला आहे का हे वायंडिंग भरण्यापूर्वी तपासता येते. रोटर काढून, गाभ्याच्या आतून-बाहेरून केबलचे 20 वेढे घ्यावेत आणि त्यांना ट्रान्सफॉर्मरने 50 हर्ट्झचे सुमारे 13 व्होल्ट द्यावेत. या मापाच्या गाभ्यात त्याने 1.3 टेस्लाच्या आसपास क्षेत्र येते. अर्ध्या तासात गाभा सगळीकडे सारखा कोमट झाला तर तो चांगला आहे. एखादी जागा बाकीच्यापेक्षा 10-15 अंशांनी जास्त तापली तर तिथे पत्रे जोडले गेले आहेत. भाच्याने माझ्यासमोर ही चाचणी केली तेव्हा दहा मिनिटांत एका वेल्डच्या समोरच्या दातांवर हात ठेवता येईना. त्याने चारही वेल्ड कापून काढले, दातांची टोके हलक्या हाताने सोडवली आणि पुन्हा चाचणी घेतली. वेल्डजवळची उष्णता गेली, पण आगीत लेप जळालेल्या बाजूचा गाभा तरीही तापत राहिला. तो स्टेटर त्याने भंगारात दिला आणि त्या शेतकऱ्याला नवा गाभा स्वतःच्या खर्चाने बसवून दिला.